फोटोत न दिसणारा बाण

डिप्लोमाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली की मेकॅनिक्स शिकवणाऱ्याच्या मोबाइलवर फोटो येऊ लागतात. कधी पुस्तकाचं पान, कधी झेरॉक्सची झेरॉक्स, कधी मित्राच्या वहीतून काढलेला फोटो. खाली एकच ओळ असते, "सर, एवढं एक सांगा ना." फोटोत बहुतेक वेळा एक त्रिकोण असतो, त्याच्या तिरक्या बाजूवर एक चौकोनी ठोकळा, एक बाण आणि अर्धवट कापली गेलेली दोन-तीन वाक्यं. उतारावरच्या घर्षणाचं हे गणित पोरांना वर्षानुवर्षं छळत आलं आहे. त्यातला मूळ अवघडपणा आणि फोटोमुळे वाढलेला अवघडपणा यांची सरमिसळ झालेली असते, म्हणून आधी या दोन्ही गोष्टी वेगळ्या करू.

असंच एक गणित घेऊ. ३० अंशांच्या खडबडीत उतारावर २०० न्यूटन वजनाचा ठोकळा आहे. स्थितिक घर्षण गुणांक, म्हणजे वस्तू थांबलेली असतानाचा, ०.२५ आहे. गतिज घर्षण गुणांक, म्हणजे वस्तू घसरत असतानाचा, ०.२० आहे. ठोकळ्यावर आकृतीत दाखवल्याप्रमाणे १५० न्यूटनचं बल P लावलं आहे. ठोकळा हलेल का? घर्षण बल किती, आणि कोणत्या दिशेला?

इथे सगळ्यात महागात पडणारे शब्द आहेत 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे'. बलाची दिशा मजकुरात नाही, ती फक्त चित्रातल्या बाणात आहे. आणि तो बाण फोटोत नखाएवढा दिसतो. उतार डावीकडून उजवीकडे चढतो, बाण ठोकळ्याच्या डाव्या बाजूला टेकला आहे. पण तो जमिनीला समांतर आहे की उताराला? पान किंचित वाकडं धरून फोटो काढलेला असला तर दोन्ही शक्यता खऱ्या वाटतात.

उत्तराकडे वळण्याआधी फ्री बॉडी डायग्राम म्हणजे काय, ते पाहू. वर्गात याला सगळे एफबीडी म्हणतात. प्रश्नासोबत छापलेलं चित्र म्हणजे एफबीडी नव्हे. त्या चित्रात उतार असतो, जमीन असते, दोरी असते, कधी ढकलणारा माणूसही असतो. एफबीडीत यातलं काहीच नसतं. ठोकळा एकटा उचलून कोऱ्या जागेत ठेवायचा आणि ज्या ज्या गोष्टीचा त्याला स्पर्श होत होता त्या प्रत्येकीच्या जागी तिचं बल बाणाने दाखवायचं. पृथ्वी स्पर्श न करता ओढते, म्हणून तिचा बाण वेगळा. आपल्या ठोकळ्यावर असे चार बाण येतात. सरळ खाली वजन W, उताराला काटकोनात बाहेर येणारी लंब प्रतिक्रिया N, लावलेलं बल P आणि उताराच्या पृष्ठभागाला लागून घर्षण F.

या चारांपैकी छापील चित्रात साधारणपणे एकच असतो, तो म्हणजे P. वजन आकड्यात दिलेलं असतं. N आणि F चित्रात नसतातच. घर्षणाचा बाण तर असूच शकत नाही, कारण त्याची दिशा हाच प्रश्न असतो. आकृती पाहून आकृती काढायची सवय लागलेली पोरं इथे अडकतात. फोटो कितीही स्वच्छ असला तरी हा बाण त्यात सापडणार नाही, तो हिशेबातून काढावा लागतो.

अनेकांनी पाठ केलेलं असतं की घर्षण उताराला लागून वरच्या दिशेने असतं. ठोकळा खाली घसरू पाहत असेल तेव्हा ते खरं आहे. पण फळीवरून ट्रकमध्ये पोतं वर ढकलणाऱ्या हमालाला विचारा. पोतं वर सरकतं तेव्हा घर्षण त्याला खाली खेचत असतं. तेच पोतं सावकाश खाली उतरवताना घर्षण वरच्या बाजूने त्याला मदत करतं. पोतं मध्येच थांबलं असेल तर घर्षण कोणत्याही बाजूला असू शकतं. हमाल किती जोर लावतो आहे, यावर ते अवलंबून असतं. एखाद्या नेमक्या जोराला ते शून्यही असतं.

आता P उताराला समांतर आहे असं समजून गणित करू. वजनाचे दोन घटक करायचे. उताराच्या दिशेतला घटक २०० गुणिले साइन ३०, म्हणजे १०० न्यूटन, तो खाली ओढतो. उताराला काटकोनातला घटक २०० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे १७३.२ न्यूटन, तो उतारावर दाबतो. काटकोनात दुसरं काहीच नाही, म्हणून N सुद्धा १७३.२. घर्षण जास्तीत जास्त किती मिळू शकतं? ०.२५ गुणिले १७३.२, म्हणजे ४३.३ न्यूटन. वर १५० आणि खाली १००. ठोकळा जागेवर राहायचा असेल तर खाली ५० न्यूटन घर्षण हवं. मिळू शकतं फक्त ४३.३. म्हणजे ठोकळा वर घसरू लागतो. आता स्थितिक गुणांकाचं काम संपलं. घसरताना घर्षण ०.२० गुणिले १७३.२, म्हणजे ३४.६ न्यूटन, आणि दिशा खाली. उरलेलं १५.४ न्यूटनचं बल ठोकळ्याला वर त्वरण देतं. वस्तुमान साधारण २०.४ किलो, म्हणून त्वरण सेकंदाच्या वर्गाला सुमारे ०.७५ मीटर.

हेच बल आडवं, म्हणजे जमिनीला समांतर असेल तर? P सुद्धा तिरका पडतो आणि त्याचेही दोन घटक करावे लागतात. उताराच्या दिशेत १५० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे १२९.९ न्यूटन वर. दुसरा घटक, १५० गुणिले साइन ३०, म्हणजे ७५ न्यूटन, ठोकळ्याला उतारावर दाबतो. त्यामुळे N बदलते.

N = W cosθ + P sinθ

म्हणजे १७३.२ अधिक ७५, एकूण २४८.२ न्यूटन. घर्षणाची कमाल मर्यादा आता ६२ न्यूटनपर्यंत जाते. वर १२९.९, खाली १००, म्हणजे जागेवर राहायला घर्षण हवं २९.९ न्यूटन, दिशा खाली. मिळू शकतं ६२. ठोकळा जागचा हलत नाही.

एकच फोटो, एकच आकडे. एका वाचनात ठोकळा वर सरकतो आणि घर्षण ३४.६. दुसऱ्या वाचनात तो ढिम्म आणि घर्षण २९.९. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बिनचूक आहेत. विद्यार्थी ज्याला 'गणित चुकलं' म्हणतो, ते पुष्कळदा गणित नसतंच, बाणाचं वाचन चुकलेलं असतं.

दुसऱ्या वाचनात एक चूक अशी लपते की वर्षभर सापडत नाही. उतारावर N म्हणजे W cosθ हे सूत्र पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आडव्या बलाच्या गणितातही ते १७३.२ च धरतात. घर्षणाची मर्यादा ४३.३ येते, हवं असतं २९.९, म्हणून 'ठोकळा स्थिर' असं लिहितात. उत्तर बरोबर! मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळतं, आणि चूक तशीच पुढे जाते. P वाढवून १८० न्यूटन करून बघा. उताराच्या दिशेत १५५.९ वर, १०० खाली, हवं असलेलं घर्षण ५५.९. खरी N आता २६३.२, मर्यादा ६५.८, म्हणून ठोकळा अजून स्थिरच. पण चुकीच्या N ने मर्यादा ४३.३ वरच राहते आणि ठोकळा वर सरकतो असं उत्तर येतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना N चं सूत्र पाठ करूच देत नाही. दर वेळी उताराला काटकोनातली सगळी बलं मांडून तिची किंमत काढायची. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण गोंधळ होत नाही.

घर्षणाची दिशा आधी माहीत नसते, मग बाण काढायचा कुठे? कोणत्याही एका बाजूला, समजा वर, काढायचा आणि ठोकळा स्थिर आहे असं धरून समीकरण मांडायचं. आडव्या बलाच्या गणितात F चं उत्तर उणे २९.९ येतं. उणे चिन्हाचा अर्थ इतकाच की बाण उलटा काढला गेला, खरी दिशा खाली आहे. आकडा तोच राहतो. मग तो मर्यादेशी ताडून पाहायचा. या क्रमात μN ची जागा शेवटी आहे. पुष्कळ जण गणिताची सुरुवातच F = μN ने करतात. तसं केलं तर ठोकळा घसरतच आहे किंवा घसरण्याच्या अगदी काठावर आहे, असं आपण न सांगता गृहीत धरतो. थांबलेल्या ठोकळ्यावर घर्षण तेवढंच असतं जेवढं लागतं. μN ही त्याची कमाल मर्यादा आहे, त्याची किंमत नव्हे.

ही मर्यादेची कल्पना शतकांच्या प्रयोगांतून आली आहे. घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. थांबलेल्या आणि सरकणाऱ्या वस्तूंच्या घर्षणात फरक असतो, हे अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर यांनी दाखवलं, आणि तेही उतारावरच्या ठोकळ्याचाच विचार करून. उतार अगदी हळूहळू वाढवत नेला तर घसरणं सुरू होताना ठोकळा रेंगाळत निघायला हवा. पण तो एकदम वेग घेतो. म्हणजे सुटल्याबरोबर घर्षण कमी होत असलं पाहिजे. पुढे कूलाँ यांनी सविस्तर प्रयोग केले आणि त्यांच्या निबंधाला १७८१ मध्ये अकादमीचं पारितोषिक मिळालं. आज गणितात जे दोन गुणांक छापलेले दिसतात त्यांचं मूळ या कामात आहे.

फोटोत मात्र हे दोन गुणांक एकमेकांत मिसळतात. μ च्या पायाशी असलेलं बारीक s किंवा k हे अक्षर सगळ्यात आधी पुसट होतं. दशांश चिन्हाचंही तेच. झेरॉक्समध्ये .२५ चा टिंब गेला तर गुणांक २५ वाचला जातो. तो लगेच खटकतो, कारण अभ्यासक्रमातल्या गणितांत गुणांक सहसा एकपेक्षा कमी असतो. पण ०.२५ चा ०.२६ झाला तर कोणालाच संशय येत नाही. दोन गुणांकांपैकी कोणता कुठला, हे कळत नसेल तर मोठा स्थितिक धरावा. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत याला अपवाद मिळणार नाही.

आता बाणाच्या दिशेकडे परत येऊ, कारण तिचा निकाल फोटोवरूनच लागू शकतो. पडद्यावर कोनमापक ठेवण्यात अर्थ नाही. एक तर छापील आकृत्या मापात काढलेल्या नसतात, ३० अंशांचा उतार सर्रास ४० चा दिसतो. दुसरं म्हणजे मोबाइल पानावर तिरका धरला की काटकोन काटकोन राहत नाहीत आणि समांतर रेषा एका बाजूला जवळ येतात. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान फुगतं, तिथली आकृती तर आणखी वाकते. पण फोटोत एक गोष्ट अशी असते जी छापताना आडवीच होती. ती म्हणजे मजकुराच्या ओळी. आकृतीच्या लगेच वरची किंवा खालची ओळ पाहायची. पान जसं वाकलं तशीच ती ओळही वाकलेली असते. बाण त्या ओळीच्या दिशेने जात असेल तर बल आडवं आहे. ठोकळ्याच्या तळाच्या रेषेशी जुळत असेल तर ते उताराला समांतर आहे. फोटोची कड मात्र कधीही प्रमाण धरू नये. ती मोबाइल कसा धरला होता एवढंच सांगते.

म्हणूनच नुसती आकृती कापून पाठवलेला फोटो सगळ्यात निरुपयोगी असतो. पूर्ण पान पाठवावं, वरच्या-खालच्या ओळींसकट. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर चित्र दाबून लहान केलं जात नाही आणि ती बारीक अक्षरं वाचता येतात. पूर्ण पान आलं की आणखी एक फायदा होतो. 'पृष्ठभाग गुळगुळीत आहे' किंवा 'ठोकळा घसरण्याच्या बेतात आहे' असे गणिताचा नूर बदलणारे शब्द बहुधा शेवटच्या ओळीत असतात, आणि कापताना तीच ओळ जाते.

कोनाचा गोंधळही फोटोत वाढतो. कोन दाखवणारी कमान जमिनीच्या रेषेपासून सुरू होते की उभ्या रेषेपासून, हे नीट पाहावं लागतं. काही पुस्तकं कोन देतच नाहीत. उताराच्या रेषेवर एक चिमुकला त्रिकोण काढून बाजूंना ३ आणि ४ लिहितात. उभी बाजू ३ असेल तर २०० न्यूटनच्या ठोकळ्याला उतार १२० न्यूटनने खाली ओढतो. उभी बाजू ४ असेल तर १६० ने. फरक थोडाथोडका नाही. साइन कुठे आणि कोसाइन कुठे याची शंका आली तर मनातल्या मनात उतार सपाट करून पाहावा. कोन शून्य झाला की उताराच्या दिशेतला वजनाचा घटक शून्य झाला पाहिजे आणि N पूर्ण वजनाइतकी. तुमच्या समीकरणात उलटं होत असेल तर घटक अदलाबदल झाले आहेत.

घटक काढल्यावर आणखी एक घोळ होतो, तो केवळ आकृतीतला. मूळ वजनाचा बाणही तसाच ठेवतात आणि त्याचे दोन घटकही ठळक काढतात. मग बेरीज करताना वजन दोनदा मोजलं जातं. घटक तुटक रेषेने काढावेत, नाहीतर मूळ बाणावर काट मारावी. तसंच वस्तुमान आणि वजन. २० किलोचा ठोकळा म्हणजे २० न्यूटन नव्हे, ते होतात १९६.२ न्यूटन. आकड्यापुढचं एकक फोटोत कापलं गेलं असेल तर तर्क लढवू नये, विचारून घ्यावं.

उत्तर तपासायची मला आवडणारी रीत आकृतीतलीच आहे. N आणि F या दोन बाणांचा एकच बाण करायचा. उतार ठोकळ्याला एकूण ज्या दिशेने रेटतो, ती ही दिशा. गुणांक ०.२५ असेल तर हा बाण काटकोनापासून जास्तीत जास्त १४ अंश झुकू शकतो, कारण १४ अंशांचा टॅन्जंट सुमारे ०.२५ असतो. आडव्या बलाच्या गणितात २९.९ ला २४८.२ ने भागलं की झुकाव साधारण ७ अंश येतो. १४ च्या आत, म्हणजे ठोकळा स्थिर. हाच कोन वापरून संपूर्ण पट्टाही काढता येतो. आडवं बल ५७.२ न्यूटनपेक्षा कमी झालं तर ठोकळा खाली घसरेल, १९३.४ पेक्षा जास्त झालं तर वर चढेल. मधल्या कोणत्याही किमतीला तो थांबून राहील. १५० त्या पट्ट्यात बसतं, म्हणून उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

या सगळ्या हिशेबाला एक मर्यादा आहे. ठोकळा म्हणजे जणू एक बिंदू, असं आपण धरलं. प्रत्यक्षात N ठोकळ्याच्या तळावर कुठे लागते, यालाही महत्त्व असतं. उभट पेटी तीव्र उतारावर ठेवली तर ती घसरण्याआधीच उलथू शकते. ३० अंशांच्या उतारावर पेटीची उंची तिच्या तळाच्या रुंदीच्या १.७३ पटींहून जास्त झाली की वजनाची रेषा तळाच्या बाहेर पडते आणि पेटी आपसूक कलंडते. म्हणून फोटोत ठोकळ्याची उंची-रुंदी किंवा बल किती उंचीवर लावलं आहे, असे आकडे दिसले तर थबकायचं. ते आकडे उगाच दिलेले नसतात. गणित घसरण्याचं नसून उलथण्याचं असू शकतं, आणि तिथे बलांबरोबर आघूर्णाचं समीकरणही मांडावं लागतं. असे आकडे दिलेलेच नसतील तर बिंदू धरणं योग्य.

बाणाची दिशा काही केल्या कळत नसेल तर? पुस्तकातलं गणित असेल तर मागचं उत्तर कामी येतं. २९.९ दिसलं की बल आडवं होतं, ३४.६ दिसलं की उताराला समांतर. अशा रीतीने उत्तरावरून आकृती वाचण्यात लबाडी नाही, फक्त त्यानंतर पूर्ण गणित स्वतः केलं पाहिजे. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या फोटोत ती सोय नसते. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांवर 'आवश्यक तिथे योग्य माहिती गृहीत धरा' अशा अर्थाची सूचना असते आणि विद्यार्थी तिचा आधार घेतात. पण ती सूचना न दिलेल्या माहितीसाठी आहे. मूळ प्रश्नपत्रिकेत बाणाची दिशा दिलेलीच होती, ती फोटोत हरवली. त्यामुळे सरावाच्या वेळी दोन्ही दिशांनी गणित सोडवून ठेवावं आणि प्रत्येक उत्तराशेजारी त्या त्या बाणाचं एफबीडी काढावं. परीक्षकाच्या हाती प्रत्यक्ष उत्तरपत्रिका पडते तेव्हा तोही आधी तेच पाहतो, ठोकळ्याभोवती चार बाण आहेत का आणि P चा बाण नेमका कुणीकडे आहे.